रिचार्ज आहे, पण पैसे नाहीत

गाण्यांचे अ‍ॅप सकाळी नेहमीसारखे उघडावे आणि पहिल्या गाण्याआधीच जाहिरात वाजावी. वर एक ओळ दिसते: सदस्यत्वाचे पैसे मिळाले नाहीत, पेमेंटची पद्धत तपासा. फोन धरणाऱ्याला हे पटत नाही. २८ दिवसांचा पॅक कालपरवाच मारलेला असतो. कॉल लागतात, इंटरनेट चालते, दिवसाचे शंभर एसएमएस तसेच पडून असतात. कस्टमर केअरला फोन लावला तर तिकडून उत्तर येते, “सर, आपल्या खात्यात पुरेसा बॅलन्स नाही.” मग परवा दुकानदाराच्या हातात दिलेले पैसे गेले कुठे?

पैसे चोरीला गेलेले नसतात. अ‍ॅपमध्ये किंवा फोनमध्येही बिघाड नसतो. अडचण आहे ती रिचार्ज या एकाच नावाखाली चालणाऱ्या दोन वेगळ्या व्यवहारांची.

अ‍ॅप, खेळ किंवा सदस्यत्व यांचे पैसे कार्डाऐवजी थेट मोबाईल कंपनीच्या खात्यातून कापण्याच्या पद्धतीला कॅरिअर बिलिंग म्हणतात. पोस्टपेड असेल तर रक्कम महिन्याच्या बिलात लागते. प्रीपेड असेल तर शिलकीतून जागच्या जागी वजा होते. भारतात गुगल प्लेने ही सोय २०१६ साली आयडियाच्या ग्राहकांपासून सुरू केली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस एअरटेल आणि व्होडाफोनचे ग्राहकही तिच्यात आले. क्रेडिट कार्ड फार थोड्यांकडे होते आणि यूपीआय नुकतेच जन्मले होते, तेव्हा ज्याच्याकडे सिम आहे त्याला विकत घेता यावे हा हिशेब सरळ होता. पण हा हिशेब मांडला गेला तेव्हा प्रीपेडच्या शिलकीत खरोखरच पैसे असत. शंभराचा टॉकटाईम टाकायचा आणि मिनिटामिनिटाने तो खर्च करायचा, अशी रीत होती. त्याच सप्टेंबरात जिओ आले, अमर्याद कॉल आणि रोजच्या डेटाचे पॅक घरोघरी पोहोचले, आणि बघता बघता शिलकीत पैसे ठेवण्याची सवयच मोडली.

आज दुकानात गेल्यावर मारला जातो तो पॅक. पॅक म्हणजे एसटीचा मासिक पास. पास खिशात असला की महिनाभर गाडीत बसता येते, पण स्टँडवरच्या कॅन्टीनमध्ये तो दाखवून चहा मिळत नाही. पॅकमध्ये कॉल, डेटा आणि एसएमएस यांचा हक्क मिळतो. रुपये मिळत नाहीत. रुपये राहतात ते मेन बॅलन्समध्ये, आणि त्यात भर पडते ती फक्त टॉप-अपने, म्हणजे जुन्या भाषेत टॉकटाईमने. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २०१२ च्या ग्राहक संरक्षण नियमांत हा भेद रंगांनीही दाखवला होता: प्लॅनच्या व्हाउचरवर लाल पट्टा, टॉप-अपवर हिरवा, खास दरांच्या व्हाउचरवर पिवळा. पुढे खरडायची कार्डे गेली, रिचार्ज मोबाईलवरून होऊ लागले आणि रंगही विस्मरणात गेले. पेमेंट अ‍ॅपमध्ये आता पॅकची मोठी यादी आधी दिसते आणि टॉप-अप कुठल्या तरी वेगळ्या टॅबमध्ये शोधावा लागतो.

सदस्यत्वाचे पैसे कापायला येणारी यंत्रणा फक्त मेन बॅलन्सकडे बघते. पॅकमध्ये कितीही जीबी उरले असले तरी तिच्या लेखी त्यांची किंमत शून्य.

हा हिशेब एकदा पुरा करून पाहण्यासारखा आहे. समजा, बार्शीतल्या एका विद्यार्थिनीने महिना ९९ रुपयांचे सदस्यत्व घेतले आहे आणि तिच्या मेन बॅलन्समध्ये ६४ पैसे उरले आहेत. पैसे कापले गेले नाहीत हे कळल्यावर ती दुकानात जाते. दुकानदार विचारतो, “पॅक मारू का टॉकटाईम?” ती शहाणपणाने टॉकटाईम सांगते आणि शंभराची नोट देते. ९९ ला शंभर पुरायला हवेत. पुरत नाहीत. शंभराच्या टॉप-अपवर खात्यात जमा होतात ८१ रुपये ७५ पैसे.

वजाबाकी अशी होते. दूरसंचार सेवेवर १८ टक्के जीएसटी आहे आणि तो छापील किमतीत धरलेला असतो. शंभराला १.१८ ने भागले की ८४ रुपये ७५ पैसे राहतात. त्यातून ३ रुपये प्रक्रिया शुल्क जाते. या शुल्काला ट्रायने मर्यादा घातली आहे: व्हाउचरच्या किमतीच्या दहा टक्के किंवा ३ रुपये, यांतले जे कमी असेल ते. म्हणून दहाच्या टॉप-अपवर शुल्क १ रुपया लागते आणि हातात ७ रुपये ४७ पैसे येतात. विसावर २ रुपये लागते आणि १४ रुपये ९५ पैसे येतात.

आता विद्यार्थिनीकडे ८२ रुपये ३९ पैसे झाले. अजून सतराएक रुपये हवेत, म्हणून ती विसाचा टॉप-अप मारते. बेरीज होते ९७ रुपये ३४ पैसे. अजूनही १ रुपया ६६ पैसे कमी. मग दहाचा एक. आता शिल्लक १०४ रुपये ८१ पैसे होते आणि ९९ रुपये एकदाचे कापले जातात. ९९ रुपयांच्या सदस्यत्वासाठी तिच्या खिशातून गेले १३० रुपये. खात्यात उरले ५ रुपये ८१ पैसे, म्हणजे पुढच्या महिन्यात शंभराच्या नोटेने पुन्हा भागणार नाही.

मधल्या दोन टप्प्यांवर यंत्रणेने काय केले हेही महत्त्वाचे. ९७ रुपये ३४ पैसे शिल्लक असताना तिने आहेत तेवढे घेऊन बाकी नंतर मागितली नाही. स्टोअरचा व्यवहार पूर्ण होतो किंवा नाकारला जातो. अर्धा होत नाही. मोबाईल कंपन्यांच्या स्वतःच्या सेवा मात्र याबाबत जास्त चलाख असतात. कॉलर ट्यूनसारख्या सेवेचे महिन्याचे पैसे नसतील तर आठवड्याचे, आठवड्याचे नसतील तर एका दिवसाचे कापायचे, अशी उतरती भांडणी दूरसंचार धंद्यात जुनी आहे. अशी एखादी सेवा विसरून चालू राहिली असेल तर ती बॅलन्स येण्याची वाटच पाहत असते. टॉप-अप पडला की पहिला घास ती घेते आणि सदस्यत्वाला एक-दोन रुपये कमी पडतात. पॅक संपल्यावर सुरू राहिलेला मोबाईल डेटा, दिवसाच्या शंभरापुढचे एसएमएस, परदेशी कॉल हेही याच शिलकीतून जातात. म्हणून टॉप-अप आज आणि सदस्यत्वाची तारीख दहा दिवसांनी, असे असले तर मधल्या दहा दिवसांत शिल्लक शाबूत राहीलच असे नाही.

तारखांचाही एक पेच आहे. सदस्यत्व महिन्याच्या ठरलेल्या तारखेला पैसे मागते. पॅक मात्र बहुधा २८ दिवसांचा असतो. १ एप्रिलला मारलेला पॅक २८ एप्रिलला संपतो, पुढचा २६ मेला, त्यापुढचा २३ जूनला. सदस्यत्वाची तारीख २५ असेल तर एप्रिल आणि मे सुरळीत जातात. जूनमध्ये मात्र पॅक संपून दोन दिवस झालेले असतात, आणि घरातला पगार महिनाअखेरीस होणार म्हणून रिचार्ज थांबलेला असतो. मेन बॅलन्समध्ये पैसे असले तरी वैधता संपलेल्या नंबरावरून खर्चाचे व्यवहार बहुधा होऊ दिले जात नाहीत. पैसे आहेत, पण ते वापरायची मुभा नाही, हा अनुभव २०१८ च्या अखेरीस लाखो ग्राहकांनी घेतला. तेव्हा एअरटेल आणि व्होडाफोन आयडियाने सेवा चालू ठेवायची तर दर २८ दिवसांनी किमान ३५ रुपयांचा रिचार्ज हवाच अशी अट आणली होती, आणि शिल्लक असूनही सेवा बंद करण्याचे इशारे गेल्यावर ट्रायला मध्ये पडावे लागले. पुढे २०२२ मध्ये ट्रायने प्रत्येक कंपनीला किमान एक ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याला त्याच तारखेला नवा होणारा प्लॅन ठेवायला सांगितले. ज्याचे सदस्यत्व प्रीपेड शिलकीवर चालते त्याला हा दुसरा प्लॅन उपयोगी आहे, कारण त्याने दोन्ही तारखा एका जागी बसतात.

शिल्लक पुरेशी आहे, पॅकही चालू आहे आणि तरी नकार येतो, तेव्हा कारण वेगळे असते: मोबाईल कंपनीनेच दार लावलेले असते.

हे दार उगाच आलेले नाही. फोनच्या बिलातून दुसऱ्याच्या सेवेचे पैसे कापता येतात हे लक्षात आल्यापासून त्याचा गैरवापर होत आला आहे. अमेरिकेत राशिभविष्य, विनोद, सिनेनटांच्या गप्पा असे एसएमएस न मागता सुरू व्हायचे आणि महिन्याला दहाएक डॉलर बिलात चढायचे. तक्रारी वाढल्यावर २०१३ च्या नोव्हेंबरात एटी अँड टी, स्प्रिंट आणि टी-मोबाईल यांनी बहुतेक प्रीमियम एसएमएसची वसुली बंद केली. पुढच्या वर्षी एटी अँड टीला या प्रकरणात साडेदहा कोटी डॉलरची तडजोड करावी लागली. आपल्याकडेही चित्र फारसे निराळे नव्हते. चुकून एखादे बटण दाबले आणि क्रिकेट स्कोअरची सेवा सुरू झाली, हे घराघरांत घडत होते. ट्रायने आधी २०११ मध्ये आणि मग जुलै २०१३ मध्ये कंपन्यांना आदेश दिले: पहिल्या होकारावर पैसे कापायचे नाहीत, दुसरा होकार स्वतंत्रपणे घ्यायचा, आणि सेवा बंद करण्यासाठी सगळ्या कंपन्यांना मिळून एकच टोल फ्री क्रमांक ठेवायचा. तो क्रमांक 155223.

या तक्रारींतूनच मूल्यवर्धित सेवांवर कुलूप घालण्याची पद्धत आली. कधी ते ग्राहकाने स्वतः मागितलेले असते. वडिलांनी तीन वर्षांपूर्वी वैतागून “सगळ्या सेवा बंद करा” असे सांगितलेले असते आणि आता तोच नंबर मुलीच्या हातात आलेला असतो. कंपनीने कर्मचाऱ्यांना दिलेल्या सिमवर असे कुलूप असणे अगदी साहजिक, कारण बिल कंपनी भरते. पोस्टपेडवर थकबाकी असेल किंवा खर्चाची मर्यादा गाठली असेल तर तात्पुरते कुलूप लागते. आणि कॅरिअर बिलिंगला महिन्याची एक वेगळी कमाल रक्कमही ठरलेली असते, ती ओलांडली की पुढचा महिना उजाडेपर्यंत नकारच येतो. युरोपीय संघात तर अशी मर्यादा कायद्यातच आहे: पेमेंट सेवांच्या नियमांतून सूट हवी असेल तर फोनच्या बिलातून एका वेळी ५० युरोपेक्षा आणि महिन्याला ३०० युरोपेक्षा जास्त कापता येत नाहीत.

डीएनडीचा याच्याशी संबंध नाही, हे इथे सांगायला हवे. 1909 वर नोंद केल्याने जाहिरातींचे कॉल आणि एसएमएस थांबतात. पैसे कापण्याचे व्यवहार त्याने ना थांबतात ना सुरू होतात. म्हणून सदस्यत्व चालावे यासाठी डीएनडी काढून टाकणाऱ्यांच्या वाट्याला फक्त जाहिराती येतात.

काही अडथळे कुलुपासारखे दिसतात, पण असतात ओळखीचे. हा व्यवहार याच सिमच्या मालकाचा आहे याची खात्री करण्यासाठी प्ले स्टोअर फोनकडून गुपचूप एक एसएमएस पाठवते. तो गेला नाही तर पुढे काही होत नाही. सिम हरवून नवे घेतले असेल तर पहिले २४ तास त्यावरून एसएमएस येत-जात नाहीत. सिम बदलून ओटीपी चोरण्याचे प्रकार वाढल्यावर दूरसंचार विभागाने २०२२ मध्ये ही सक्ती केली. त्यामुळे नव्या सिमवर त्याच दिवशी कॅरिअर बिलिंग जोडायला गेले की हमखास अपयश येते आणि दुसऱ्या दिवशी तेच काम विनासायास होते. दोन सिमच्या फोनमध्ये ज्या कंपनीकडून पैसे जायचे तिचे सिम पहिल्या खाचेत नसेल तर स्टोअरला ते पर्याय म्हणून दिसतच नाही. आणि नंबर पोर्ट केला असेल तर ग्राहकाच्या दृष्टीने नंबर तोच असला तरी जुन्या कंपनीकडचे खाते बंद झालेले असते. तिच्या नावाने जोडलेले पेमेंट परत कधीच यशस्वी होत नाही, ते नव्याने जोडावे लागते. नव्या कंपनीची स्टोअरशी अशी व्यवस्था नसेल तर तेवढाही मार्ग उरत नाही.

हे सगळे ग्राहकाला एकाच मोघम वाक्यात का सांगितले जाते, याचेही उत्तर व्यवहाराच्या वाटेत आहे. स्टोअरची मागणी बहुधा थेट मोबाईल कंपनीकडे जात नाही. मध्ये बोकू किंवा बँगोसारखी मध्यस्थ कंपनी असते. तिच्यामार्फत मागणी मोबाईल कंपनीच्या चार्जिंग यंत्रणेकडे पोहोचते. ती नंबर चालू आहे का, कुलूप आहे का, मर्यादा उरली आहे का आणि शिल्लक पुरते का हे तपासते आणि होकार किंवा नकाराचा एक संकेत परत पाठवते. तीन हातांतून तो स्क्रीनपर्यंत येईतो त्याचे “पेमेंट नाकारले” एवढेच उरते. स्टोअरचा मदतनीस म्हणतो मोबाईल कंपनीला विचारा. तिकडचा प्रतिनिधी म्हणतो अ‍ॅपवाल्यांना विचारा. दोघेही आपापल्या परीने खरे बोलत असतात, कारण पूर्ण चित्र दोघांच्याही पुढे नसते.

कारण ओळखायला त्यामुळे स्वतःच क्रमाने जावे लागते. आधी मेन बॅलन्स बघावा. एअरटेलवर *123# आणि व्हीआयवर *199# डायल केल्यावर मिळणाऱ्या माहितीत डेटा आणि वैधता यांच्याबरोबर रुपयांचा आकडा असतो, तोच महत्त्वाचा. तो सदस्यत्वाच्या रकमेपेक्षा कमी असेल तर शोध तिथेच संपला. आकडा पुरेसा असेल तर पॅकची वैधता तपासावी. तीही असेल तर प्ले स्टोअरमध्ये Payments & subscriptions उघडून पेमेंटच्या पद्धतींत मोबाईल कंपनीचे नाव दिसते का ते पाहावे. नाव नसेल किंवा पुसट दिसत असेल तर गोष्ट सिम, पोर्टिंग किंवा पडताळणीच्या एसएमएसची असते. नाव ठळक आहे, शिल्लक आहे, वैधता आहे आणि तरी नकार येतो आहे, तर कुलूप किंवा मर्यादा. कस्टमर केअरला मग “पैसे का कापले जात नाहीत” असे न विचारता “या नंबरावर मूल्यवर्धित सेवा किंवा कॅरिअर बिलिंग बंद केले आहे का” असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला ठरीव उत्तर मिळते. दुसऱ्यासाठी प्रतिनिधीला खाते उघडून पाहावे लागते.

नकार आला म्हणजे सदस्यत्व लगेच संपत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. अ‍ॅप चालवणाऱ्याने सवलतीचे काही दिवस ठेवले असतील तर तेवढे दिवस सेवा चालू राहते आणि गुगल प्ले मधूनमधून वसुलीचा प्रयत्न करत राहते. त्यानंतर खाते रोखून धरले जाते: सेवा बंद, पण सदस्यत्व अजून जिवंत. या काळात पैसे आले की ते पुन्हा सुरू होते आणि पुढची तारीख त्या दिवसापासून मोजली जाते. याचा एक उलटा परिणाम असा की, ज्याने “नाहीतरी बंदच पडले आहे” म्हणून सदस्यत्व रीतसर रद्द केलेले नसते, त्याने आठवड्यांनी भलत्याच कामासाठी मोठा टॉप-अप मारला तर त्यातून ९९ रुपये जाऊ शकतात. नको असलेले सदस्यत्व रद्दच करावे लागते. शिल्लक संपवून ते मरत नाही.

मग बार्शीच्या त्या विद्यार्थिनीने काय करावे? मोठा टॉप-अप मारला तर शुल्काचा भाग कमी होतो: पाचशेच्या टॉप-अपवर ४२० रुपये ७३ पैसे मिळतात आणि चार महिने निघतात. पण कर चुकत नाही. ९९ रुपये शिलकीत आणायचे तर शुल्क सोडूनही ११६ रुपये ८२ पैसे मोजावे लागतात, आणि त्या ९९ मध्ये डिजिटल सेवेवरचा जीएसटी वेगळा धरलेला असतोच. बोलण्यासाठी घेतलेल्या पैशांवर एकदा आणि गाण्यांवर पुन्हा एकदा, असा तो दोनदा भरला जातो. पोस्टपेडवर टॉप-अपची ही वजावट नसते, म्हणून तिथे हाच मार्ग परवडतो. प्रीपेडवर बँकेचे खाते असेल तर यूपीआय ऑटोपे स्वस्त पडतो. गुगल प्लेवर सदस्यत्वासाठी तो २०२२ च्या नोव्हेंबरात आला, आणि त्यात ९९ म्हणजे ९९ च जातात. मोबाईल कंपनीचा पर्याय ठेवायचाच असेल तर सदस्यत्वाच्या पानावर दुसरी, राखीव पद्धत नोंदवता येते. मग ज्या महिन्यात शिल्लक १ रुपया ६६ पैशांनी कमी पडेल, त्या महिन्यात वसुली बँकेतून होईल आणि गाणी चालू राहतील.